दगडोबांची दाढी आणि मास्कची कड

माकणीत धुराच्या बाबतीत जगदेवीशी वाद घालायची सोय नव्हती. गावची आशाताई ती. पंधरा वर्षं घरोघर फिरून जीभ चांगली धारदार झालेली. पण तिच्याच घरात एक माणूस तिला पुरून उरत होता, तिचे सासरे दगडोबा.

चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ शिजवलेला माणूस. धूर आला की उपरणं पाण्यात बुचकळायचं आणि तोंडाला गुंडाळायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. त्या शास्त्राच्या भरवशावर मागच्या आठवड्यात ते दवाखान्यात ऑक्सिजनवर जाऊन आले. डॉक्टरांनी जगदेवीला बाजूला घेऊन सांगितलं, आता धुरापासून लांब ठेवा. असा आणखी एक झटका म्हातारबांना झेपायचा नाही. ते वाक्य ती तेव्हापासून उराशी घेऊन फिरत होती.

तिनं दोन एन-९५ मास्क आणले. एक दगडोबांनी काळा पडला म्हणून साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातला. त्या दिवशी जगदेवी खरोखर रडकुंडीला आली.

"मामा, याच्यात बारीक धाग्यांचं दाट जाळं असतंय," ती म्हणाली. "धाग्यांवर वीज भरलेली. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो ना, तसं. धुराचे बारीक कण भिरभिरत येतात आन धाग्याला चिकटतात. साबणानं ती वीजच गेली."

"आन माझं उपरणं?"

"त्यात राख अडती. छातीत जाणारा धूर लई बारीक, तो विणीतनं सरळ जातो. कडंनं फट राहती ती येगळीच."

"बरं," दगडोबा म्हणाले. बरं म्हणजे पटलं नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आज दुपारी शेजारच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवून दिलं. वारा फिरला. बघता बघता शेतातली त्यांची वस्ती धुरात बुडाली. नवरा गाडी घेऊन नळदुर्गला गेलेला. पत्र्याच्या घराला जिकडं तिकडं फटी. दार लावून काही उपयोग नव्हता. चांगली हवा होती ती तळ्याकडच्या डांबरी रस्त्यावर, आणि तिथवर अर्धा किलोमीटर धुरातूनच चालत जायचं होतं.

दगडोबांना खोकला सुरू झाला. जगदेवीनं आधी त्यांना दवाखान्यातून दिलेला श्वासाचा पंप ओढायला दिला, मग उरलेला मास्क चढवला, दोन्ही पट्टे डोक्यामागं नेले, नाकावरची तार दाबली. "सोडा श्वास." दाढीतून हवा भस्सकन बाहेर आली आणि चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झाल्या. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. जिथून हवा बाहेर येत होती तिथूनच धूर आत जाणार होता. मास्क चांगला होता, पण त्याची कड दाढीवर तरंगत होती.

तिनं कपाटातून वस्तरा काढला. दगडोबांनी तिचं मनगट धरलं.

"न्हाय. हर्षालीचं लेकरू मांडीवर घेतल्याबिगर दाढी काढणार न्हाय. तुळजापूरच्या आईला शब्द दिलाय म्या."

हर्षाली जगदेवीची लेक. तिचं दोनदा पोटातलं गेलं होतं, आता सातवा महिना. जगदेवीचा हात जागच्या जागी थांबला. गावाला शास्त्र सांगणारी ही बाई मनातून तुळजाभवानीला तितकीच भिणारी होती. लेकीचं लेकरू की सासऱ्याचा श्वास, असला सवाल देवानं कुणाला घालू नये. दगडोबांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मामा, नवस आता माझ्या अंगावर," ती म्हणाली. "दाढी पदरात घेते, तुळजापूरला म्या नेऊन वाहते. रागवायचं असल तर आई माझ्यावर रागवंल. मिशी राहू द्या, ती आत मावती."

दगडोबांनी डोळे मिटले आणि मनगट सोडलं. तिनं आधी कात्रीनं, मग पाणी लावून वस्तऱ्यानं गाल आणि हनुवटी मोकळी केली. दोनदा कातडी कापली. केस पदरात पडत गेले. त्यांची तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि ती कमरेला खोचली.

मास्क पुन्हा बसवला. "सोडा." काचा स्वच्छ राहिल्या. श्वास आत घेताना मास्क किंचित आत ओढला गेला.

दोघं निघाले. मास्कमधूनही धुराचा वास येत होता; दगडोबा बिचकून थांबले. "वास येणारच मामा, तो वायू हाय. कण अडलेत. चला," असं म्हणून तिनं स्वतःच्या तोंडाला गुंडाळलेलं त्यांचं ओलं उपरणं आवळलं. तिच्यासाठी मास्क उरला नव्हता. तिच्या घशाला आग लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात धरून चालणाऱ्या म्हाताऱ्याचा श्वास मात्र हळूहळू एका लयीत येत होता.

रस्त्यावर पोचल्यावर जगदेवी मैलाच्या दगडावर बसली आणि खोकत राहिली. दगडोबांनी मास्क काढला. उघड्या हनुवटीवरून त्यांनी हात फिरवला, मग तिच्या कमरेला खोचलेल्या पदराच्या गाठीकडं बोट दाखवलं.

"ती गाठ सोडू नगंस," ते म्हणाले. "तुळजापूरला दोघं जाऊ. आईला सांगू, नवस अर्धा तुझा, अर्धा माझा."