सिद्ध झालेला खोकला

बेळगावातल्या ज्या कॉलेजात मी गेस्ट लेक्चरर म्हणून संख्याशास्त्र शिकवते, तिथं विभागप्रमुखांच्या स्लाइड्स वर्षानुवर्षं जशाच्या तशा चालत आल्या आहेत. समाजकार्याची मुलं प्रबंधाचा निष्कर्ष त्यांतूनच उतरवतात. बाहेरचे परीक्षक खूश होतात, असा सगळ्यांचा समज.

एका स्लाइडवर पहिली ओळ बरोबर होती : ‘गटांत फरक नाही असं धरल्यास, इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी.’ खालीच लिहिलेलं, ‘म्हणजे फरक नसण्याची शक्यता.’ मी वर्गात वरच्या ओळीतल्या ‘धरल्यास’वर बोट ठेवलं. जे आधीच धरून चाललो, त्याचीच शक्यता हा आकडा कशी सांगेल? मुलांना पटलं.

निपाणीची एक मुलगी त्याच वर्गात होती. तिची आई घरी विड्या वळते. विड्या वळणाऱ्या आणि न वळणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर तिचा प्रबंध होता. वळणाऱ्या बायका जास्त खोकत होत्या, पण मोजलेल्या बायका थोड्या, त्यामुळं पी ०.०५ या ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला; फरक आहे असं ठामपणे म्हणता येईना. तिचे मार्गदर्शक विभागप्रमुखच. त्यांनी त्यांच्या दुसऱ्या एका स्लाइडवरची खालची ओळ घालायला लावली : ‘फरक नाही, हे सिद्ध होते.’

मी ती स्लाइड घेऊन त्यांच्याकडं गेले. “सर, तुमचीच वरची ओळ बघा. ‘फरक आहे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.’ मग खालची ओळ तुमच्याच शब्दांत अशी होईल : ‘फरक नाही म्हणण्याइतकाही पुरावा मिळाला नाही.’ एवढ्या थोड्या बायकांत खरा फरकसुद्धा निसटतो.”

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “बरोबर आहे की, मॅडम,” म्हणाले आणि माझ्यासमोर स्लाइड दुरुस्त केली.

“आणि प्रबंध?”

“त्याचं बाइंडिंग झालंय. आता सही केलेला निष्कर्ष बदलला, तर परीक्षक मलाच विचारतील. मुलीचं नुकसान कशाला?”

मुलीचं नुकसान. मला संताप आला. मुलीनं स्वतः जाऊन विनवलं, तिलाही हेच सांगितलं. तोंडी परीक्षेत तिला उत्तम गुण पडले. परीक्षकांनी निष्कर्ष ठाम आहे म्हणून कौतुक केलं.

नंतर तिचा निपाणीहून फोन आला. मी अभिनंदन केलं.

“मॅडम, शेजारच्या आक्कानं आईला निष्कर्ष वाचून दाखवला. विड्या वळताना नाकाला फडकं बांधायला मीच लावलतं तिला. तिनं ते सोडलं. मी लई समजावलं, तर म्हणती, कालिजनं सिद्ध केलंय, तू कोण सांगणार?”

फोनवर तिच्या मागं कुणीतरी खोकत होतं.