मातीच्या फोटोतला हात

हल्ली अख्ख्या पुसदला मातीचं व्हायचंय. वाढदिवस, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, काहीही असो, ‘तो मातीच्या बाहुल्यावाला फोटो’ पाहिजे. माझ्या स्टुडिओतल्या लाईटच्या छत्र्यांवर धूळ बसली आहे आणि मी कॉम्प्युटरवरच्या चित्रं काढणाऱ्या एआयला लिहून सांगतो: मऊ स्टुडिओ प्रकाश, मोठं डोकं, आखूड जाड हातपाय, अंगभर बोटांचे ठसे. ठसे कोणाच्या बोटांचे, देव जाणे. कंटाळा येतो, पण पोट आहे.

बाजारामागच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींची मुलगी आली, तेव्हाही मी कंटाळलेलोच होतो. महिन्याभरात तिचं लग्न. मोबाईलमध्ये एक फोटो होता: ती हसतेय आणि अब्बांचा उजवा हात तिच्या डोक्यावर. गाडीच्या इंजिनातल्या पंख्याच्या पट्ट्यात त्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेली. तेव्हापासून मिस्त्री फोटोत हात दिसूच देत नाहीत. हा एकच चुकून निघालेला.

“अब्बा हा फोटो घरात लावू देत नाही, काका. मातीचा केला तर देतीन. मले सोबत न्यायचाय.”

पहिलं चित्र झकास आलं. गुबगुबीत गाल, मिशीवरसुद्धा ठसे. तिनं मात्र स्क्रीनवरच्या पंजावर बोट ठेवलं.

“हा हात अब्बाचा नाही.”

पाहिलं तर पाचही बोटं. ‘दोन बोटं नाहीत’ असं लिहिलं, तरी पाच. पुन्हा केलं, पुन्हा पाच. मी वैतागलो. “अवं बाई, मातीचं हाय. कोण मोजून राह्यलं?”

“मी,” ती म्हणाली.

मग सरळ बसलो. बाकी चित्राला हात न लावता फक्त पंजाभोवती रेघ मारून तेवढाच पुन्हा बनवायला सांगितला. काय नको ते लिहायचं सोडलं, काय दिसायला हवं तेवढंच लिहिलं: अंगठा, दोन जाड बोटं, शेजारी मातीचे दोन गोल खुंट. एकदा बोटं चिकटून आली, एकदा पंजाच फुगला. शेवटी जमलं. ती स्क्रीनजवळ वाकली आणि तिचे डोळे भरले.

प्रिंट न्यायला मिस्त्री स्वतःच आले. बराच वेळ बघत राहिले.

“मातीचंच तर होतं, भाऊ. दोन बोटं काहून नाही लावून देले?”

“लागली होती मिस्त्री, आपोआप. तुमच्या पोरीनं काढायले लावली.”

त्यांनी फ्रेम काउंटरवर ठेवली, तिच्यावरचा कागद नीट केला, पुन्हा उघडून पाहिली.

“हे तर पोरगी घेऊन जाईन आता,” ते म्हणाले. “मले बी एक काढून द्या. पण मातीचा नको. तो मोबाईलमधला, खरावाला.”