त्याची ड्युटी थांबायची होती

फौजेतली आमची ट्रान्सपोर्ट कंपनी दिघीच्या कॅम्पात आली तेव्हा मी लान्स नायक होतो, ड्रायव्हर. गाव माझं तळेगाव दाभाड्याच्या पलीकडं. पोस्टिंग घरापाशी मिळालं म्हणून गावातली माणसं म्हणायची, काशिनाथनं वशिला लावला. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचा वशिला कोण लावणार? मी कुणाला उत्तर दिलं नाही. तेव्हाही देत नव्हतो, आताही देत नाही.

कॅम्पातलं काम ठरलेलं. सकाळी पीटी. मग गाडीची तपासणी, तेल, पाणी, हवा, बॅटरी. त्याला आमच्यात फर्स्ट परेड म्हणतात. मग रेशन आणायचं, माणसं न्यायची, सामान पोचवायचं. संध्याकाळी गाडी धुवायची. माझ्या तीन टनी ट्रकवर सहचालक होता शिपाई विलास साबळे, मराठवाड्यातला. पोरगा हुशार, दहावी पास. प्रमोशनच्या कोर्सला, त्याला आम्ही कॅडर म्हणतो, त्याचं नाव गेलं होतं, त्यामुळं तो जपून चालायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

आणि होता नायक बाबू गायकवाड. रिकव्हरी गाडी त्याची. अडकलेल्या गाड्या विंचनं, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढून काढणं हे त्याचं काम. पिंपरीच्या कॉलनीत वाढलेला, बाप कंपनीत मशीनवर. बायको आणि लहान मुलगी पिंपरीतच, रविवारी सायकलवर घरी जाऊन यायचा. कुठं गाडी रुतल्याचा निरोप आला की म्हणायचा, "नवरी रुसली राव. आणायला जातो." आणि जायचा.

त्या वर्षी पाऊस फार झाला. चाकणच्या बाजूला तेव्हा कंपन्यांची बांधकामं जोरात होती. भामा नदीकाठी बांधकामावरच्या मजुरांची पत्र्याची वस्ती होती, तिला पाण्यानं वेढलं. सिव्हिलनं, म्हणजे कलेक्टर कचेरीनं, मदत मागितली. आमच्या तीन गाड्या निघाल्या. मी आणि विलास, दुसरी एक तीन टनी, मागं बाबूची रिकव्हरी. दिवसभर माणसं काढली. बाया, पोरं, भांडी, एक शेळीसुद्धा. शेवटची खेप दुसऱ्या गाडीतून चाकणला गेली. आम्ही रिकामे परत निघालो.

वाटेत फरशी पूल. फरशीवरून पाणी वाहत होतं, पण सकाळी त्यावरूनच आलो होतो. अर्ध्यावर गेलो आणि डाव्या अंगाची कड खचली. मागची डावी चाकं फरशीच्या बाहेर गेली. गाडी कलली. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. उतरून चालत जावं म्हटलं तर पाणी कमरेएवढं आणि ओढ अशी की माणूस टिकला नसता. बाबू आमच्या मागं, अजून काठावरच होता.

वायरलेस सेट माझ्या गाडीत होता, एक बाबूच्या गाडीत. मी कॅम्पातल्या कंट्रोलला कळवलं. उत्तर आलं.

"आदमी कॅब में बैठे रहें. सुबह बोट आएगी. रिकव्हरी पुल पर नहीं जाएगी. ओव्हर."

आदेश चुकीचा नव्हता, हे मी आजही सांगतो. रिकव्हरी आमच्या गाडीपेक्षा जड. पूल खचला असता तर तीही गेली असती, आणि पूर असताना साऱ्या भागाला तेवढी एकच रिकव्हरी होती.

बाबू सेटवर आला. "कंट्रोल, आदेश मिला. ओव्हर." मग थोडं थांबून, मराठीत, "काशिनाथ, ब्रेकवर पाय ठेव. मी येतोय."

"येऊ नको. ऐकलंस ना?"

"ऐकलं. ब्रेक."

त्यानं रिकव्हरी वळवली आणि मागं मागं घेत पुलाच्या तोंडावर, फरशीवर चढवली. वायररोप सोडला. टोकाचा हुक खांद्यावर टाकून, कमरेला दोर बांधून, पाण्यात उतरला. मी आरशातून बघत होतो. दोनदा पडला. हुक आमच्या चेसिसला लावला, तसाच दोर धरून मागं गेला. विंचनं हळूहळू ओढून आम्हाला काठावर आणलं. शेवटच्या टप्प्याला मोठा आवाज झाला. विंचचा गिअर तुटला. पण आम्ही जमिनीवर होतो.

बाबूनं आमचा हुक सोडवला. विलासच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जेवण थंड झालं असंल बघ."

सकाळी पूल जागेवर होता. गोष्ट अडली ती इथं. पूल वाहून गेला असता तर कुणी काही विचारलं नसतं. पूल शाबूत, विंच मोडलेला, आणि दुसऱ्या दिवशी चिखलात रुतलेल्या दोन गाड्या तशाच पडून राहिल्या. बाबूवर चार्ज लागला. आदेश असताना गाडी पुलावर नेली, सरकारी मालाचं नुकसान केलं. आदेश मोडल्याचं बाबूनं स्वतःच कबूल केलं. आता आमच्या कंपनीच्या मेजरसाहेबांना ठरवायचं होतं, की इथंच शिक्षा देऊन मिटवायचं की वर कोर्ट मार्शलला पाठवायचं. वर गेलं तर बाबूच्या बाहीवरच्या फिती जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळं एका गोष्टीवर होतं. आमची गाडी खरंच पाण्यात जात होती का? ते काठावरून दिसत नव्हतं. कॅबमधल्या आम्हा दोघांनाच ठाऊक.

आमच्या हवालदारानं मला कुकहाउसमागं गाठलं. म्हणाला, "सांग, की दर मिनिटाला सरकत होती. काय जातं तुझं?"

बाबू तिथंच चहाचा मग धूत होता. म्हणाला, "जेवढी सरकली तेवढीच सांग. खोटं बोललास तर मी तुला विकत घेतल्यासारखं व्हईल. मी काय तुला विकत घ्यायला पाण्यात उतरलो व्हतो का?"

गाडी दोनदा सरकली होती. मला सीटवर जाणवलं होतं. पण मी उजवीकडं, स्टिअरिंगवर. डावी बाजू मला दिसत नव्हती. ती विलासला दिसत होती. मी त्याला विचारलं, "तू काय सांगणार?"

"मला काय दिसलं न्हाई."

"दरवाज्यातून खाली वाकून बघत होतास."

"काशिनाथदादा, माझा कॅडर तोंडावर आलाय. मला या भानगडीत ओढू नका. आणि मी काय त्यांना या म्हणालो होतो का? रिकव्हरीवाल्यानं गाडी काढायची, ती त्यांची ड्युटीच. त्यात उपकार कसला?"

मला राग आला. हात उचलणार होतो, पण बाबूनं मान हलवली, नको म्हणून.

रात्री बराकीत माझी झोप उडाली, आणि मी विचार करत राहिलो की राग कशाचा आला. विलासनं वचन मोडलं नव्हतं. वचन दिलंच नव्हतं. खोटंही बोलला नव्हता अजून. कुठल्या कायद्यात त्याला धरता आलं नसतं. बाबूनं त्याच्याकडं काही मागितलंही नव्हतं. तरी बराकीतला प्रत्येक माणूस विलासकडं पाठ करून झोपला होता, कुणी सांगितलं नसताना. मला तेव्हा एवढंच कळलं. कंट्रोलला पुलावर एक गाडी आणि दोन आदमी दिसले, कंट्रोलचं कामच ते. बाबूला काशिनाथ आणि विलास दिसले. ज्यानं आपल्याला माणूस म्हणून बघितलं, त्याला आपण विंच म्हणून बघायचं, हे सलतं. विंचला कोण रामराम करतं? माणसाला करावा लागतो.

सकाळी ऑर्डरली रूम, म्हणजे साहेबांपुढची पेशी. बाबूला टोपी-पट्टा काढून उभं केलं. मी साक्ष दिली. गाडी दोनदा सरकली, एकदा बाबू पाण्यात उतरायच्या आधी, एकदा हुक लावताना. डावी बाजू दिसली नाही. जास्त नाही, कमी नाही.

मग विलास. साहेबांनी विचारलं, "साबळे, तुमने क्या देखा?"

"कुछ खास नहीं साहब."

"गायकवाडने तुमको बचाया?"

"साहब, वो उनकी ड्यूटी थी."

साहेबांनी समोरच्या कागदावरून नजर काढून त्याच्याकडं बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, "साबळे, उसकी ड्यूटी रुकने की थी. इसी लिए तो ये यहाँ बिना टोपी के खड़ा है. ड्यूटी करता तो तुम रात भर उसी कॅब में होते. अब बताओ, उसने जो किया वो क्या था?"

 विलासच्या मानेवर घाम दिसत होता. मी समोर बघत होतो, पण दिसत होता.

तो मराठीत बोलला. हिंदी सुचलीच नाही त्याला. "साहेब, खालचा दगड निघत होता. मी बघत असताना दोन दगड गेले. मी दादांना सांगितलं न्हाई, ते दचकून हलले तर गाडी जाईल म्हणून. तिसरा हलायला लागला तेव्हा बाबूदादा पाण्यात दिसले." आणि मग, "मला वाटलं, आईच आली."

एवढंच. 

साहेबांनी बाबूला सीव्हिअर रेप्रिमांड दिला, म्हणजे कागदावर चढणारी कडक ताकीद. शिक्षा मोठी, पण फिती राहिल्या. बाहेर आल्यावर टोपी घालत बाबू म्हणाला, "साहेब बरोबर हायेत. आदेश मोडला की शिक्षा पायजे." त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात विलास कँटीनमधली रमची बाटली घेऊन बाबूकडं आला. पुढं ठेवली, म्हणाला, "दादा, घ्या. फिटलं समजा."

बाबूनं बाटली उघडली, सगळ्यांच्या मगात ओतली, विलासच्याही. मग म्हणाला, "रम चांगलीय. पण फिटलं म्हणू नको रं. फिटायला ते उसनं न्हवतं."

"मग मी करू तरी काय?"

"काय करायचं न्हाई. ध्यानात ठेव, बस. आन् ध्यानात ठेवायलाबी मी सांगत न्हाई. सांगितलं की मजा गेली त्यातली."

सगळे हसले. विलासही. त्या दिवसापासून बराकीत त्याला कुणी पाठ दाखवली नाही.

विलास कॅडर पास झाला, पुढं हवालदार होऊन निवृत्त झाला. आता हिंजवडीत कंपनीच्या कॅब लावतो, सहा गाड्या आहेत, ट्रॅफिकला शिव्या देतो. मी दिघीतच घर बांधलं. पिंपरीला गायकवाड वहिनींकडं आम्ही दोघं जातो. ठरवून नाही, वाटलं की. वहिनी मानी बाई. काही नेलं तर परत देते, "माझं भागतंय" म्हणते. म्हणून आम्ही रिकाम्या हातानं जातो आणि तिच्या हातची भाकरी खातो. आधी मला हे उलटं वाटायचं, की देणं आमचं आणि जेवण तिचं. आता वाटत नाही. तिला आमचं खाणं आवडतं.

बाबूची मुलगी आता मोठी झाली, इंजिनिअर आहे. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "काका, पप्पांनी तुमच्यासाठी नक्की काय केलं होतं?" मी तोंड उघडायच्या आत विलासनं सगळं सांगितलं. आदेश, पाणी, दगड. आणि "ती त्यांची ड्युटी होती असं मी म्हणालो होतो" हेही, काही न झाकता. मी भाकरी खात राहिलो. चांगली होती.

नायक बाबू गायकवाड पुढच्या पोस्टिंगला उत्तरेत गेला. तिथं बर्फात घसरलेली दुसऱ्या युनिटची गाडी ओढताना वरून बर्फाचा कडा कोसळला. गाडी निघाली होती, बाबू त्याखाली राहिला. त्या वेळी कुठला आदेश होता, कुठला नव्हता, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

त्या गाडीचा ड्रायव्हर जिवंत आहे असं ऐकलंय. नाव कळलं नाही, गावही नाही. कधी भेटला तर त्याला दिघीला घेऊन येणार आहे. त्याच्याकडं मी काही मागणार नाही. समोर बसवीन, चहा देईन, आणि बाबू त्यालाही पाठीवर थाप मारून काही म्हणाला होता का, तेवढं विचारीन.