पाण्यात न गेलेली माणसं

आमच्या मुरबे गावात माझा धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर जातो, आणि त्याच्या लाइफ जॅकेटची शिवण उसवली होती. नवा हंगाम आठवड्यावर आलेला. मी बोईसरच्या कारखान्यात कारकून, मोबाइलवर खरेदी करण्यात घरात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा तोरा. एक स्वस्त जॅकेट मी हेरलं. पाच तारे, अभिप्रायांचा पाऊस. भावजय बाजारात मासे विकून आली होती. तिला अडाणी समजून मी एकेक इंग्रजी अभिप्राय मराठीत सांगू लागले.

चौथ्याला ती म्हणाली, "ताई, हे तुमी आत्ताच वाचलंत."

नावं वेगळी होती, शब्दही वेगळे. पण मराठीत सांगताना मी खरंच तेच बोलत होते: आधी खरेदीचा आनंद, मग दर्जा, मग आरामदायक, मग घरच्यांना आवडलं, शेवटी नक्की घ्या. पूर्वीचे खोटे अभिप्राय जसेच्या तसे चिकटवलेले असत. आता एआयचं यंत्र शब्द बदलून देतं, सांगाडा मात्र तोच राहतो.

"माजं गिऱ्हाईक असं बोलत नाय," ती म्हणाली. "खाल्लेला माणूस काटा कुठं लागला ते सांगतो. यातला पाण्यात कोण गेला हाय?"

कुणीच नाही. थोडक्यात कौतुक करणारी खरी माणसंही असतात, हे मी तिला ऐकवलं. हरायची मला सवय नाही. पण डझनभर अभिप्रायांत एकही ओला माणूस नाही, आणि सगळे दोन-तीन दिवसांतच लिहिलेले, हे दिसल्यावर मी यादी पुढे सरकवत गेले. खाली तीन ताऱ्यांचा एक सापडला: उडी मारताच जॅकेट कानापर्यंत सरकलं, मांड्यांमधून जाणारा पट्टा नाही. सोबत फोटो. ते जॅकेट मी सोडून दिलं.

मग आम्ही कुरकुरीच शोधल्या. दुसऱ्या एका जॅकेटाबद्दल कुणी लिहिलं होतं की पट्टा मांडीला घासतो, रंग शर्टाला लागतो, पण तासभर तरंगलो. प्रमाणपत्राचा शिक्का पाहून तेच घेतलं. भावाने खाडीत उडी मारून पाहिली. हनुवटी पाण्याच्या वर राहिली.

दिवाळीनंतर एका सकाळी जाळं ओढताना तो समुद्रात पडला. बोट वळवून त्याला वर घेईपर्यंत बराच वेळ गेला. घरी आल्यावर त्याच्या मांडीवर लाल वळ होता. भावजय त्यावर खोबरेल लावत होती. कधी नव्हे ते मी तिचे पाय धरले. तिने ओढून घेतले, म्हणाली, "वेड लागलं का?"

त्या दिवशी मी आयुष्यातला पहिला अभिप्राय लिहिला: "पट्टा फार घासतो. भाऊ जेवायला घरी आहे."