भरलेल्या दाढेची कड

आमच्या दवाखान्यात पेशंट मला 'डॉक्टर' म्हणतात आणि ताईंना 'फोटोवाल्या ताई'. दोघींपैकी कुणावर त्यांचा जास्त विश्वास आहे, हे विचारायची मी कधी हिंमत केली नाही. उत्तर मला माहीत आहे आणि ते मला सोसणारं नाही.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी दवाखाना उघडला तेव्हा त्या फरशी पुसायला आणि दार उघडायला आल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून हत्यारं उकळायला शिकून घेतलं, दुसऱ्या वर्षी पेशंटच्या नोंदी, आणि मग एक्स-रेचा रीतसर कोर्स करून आल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी त्यांना प्रश्न विचारत होती आणि भाजी करपली होती, असं त्या अजून सांगतात. ती मुलगी आता शाळेत शिकवते. करपलेली भाजी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली, हे सांगताना ताईंना पास झाल्याहून जास्त आनंद होतो.

त्यांचं खरं काम म्हणजे बाइटविंग. पेशंटने प्लॅस्टिकच्या एका पट्टीवर दात आवळून धरायचे आणि वरच्या-खालच्या दाढा एकाच फोटोत घ्यायच्या. दोन दातांच्या मधोमध लागलेली कीड आरशात दिसत नाही, या फोटोत दिसते. पण किरण फटीतून सरळ आरपार गेले तरच. यंत्र जरासं तिरकं झालं की शेजारचे दात एकमेकांवर चढतात आणि कीड त्यांच्यामागे खुशाल दडून बसते. ताईंचा फोटो कधी असा चढत नाही. त्या पेशंटच्या गालावर दोन बोटं ठेवतात, डोकं वाकवून दातांची रांग कुठे वळते ते बघतात आणि म्हणतात, "चावा आता. पट्टीला हं, मला नाही." लहान मुलंही हसतात आणि हसून झालं की घट्ट चावतात.

वाचायलाही त्या शिकल्या. कुणी शिकवलं नाही, वीस वर्षं स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या एवढंच. निदान करणं हे त्यांचं काम नव्हे, हे त्या स्वतःच बजावतात, आणि मग हळूच म्हणतात, "डॉक्टर, पाचव्या दाताला जिथे शेजारचा दात टेकतो, त्याच्या जरा खाली बघा बरं." बघावं तर बाहेरच्या कवचात बारीकसा काळा त्रिकोण असतो, रुंद बाजू बाहेर आणि टोक आत. कीड तिथेच सुरू होते. त्याच्याही खाली, दाताच्या मानेशी, पुष्कळदा एक पुसट काळपट पट्टा दिसतो. ती कीड नसते. तिथे दात कडेला पातळ होतो, वर कवच आणि खाली हाड पांढरं असतं, म्हणून मधला भाग उगाच काळा वाटतो. आम्ही त्याला बर्नआउट म्हणतो. नवे डॉक्टर हमखास इथे फसतात. मी फसत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं अशी पळवाट मला नको आहे.

साडेचार वर्षांपूर्वी ताईंच्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेत, मागच्या बाजूला, कीड सापडली. मीच साफ केली, मीच भरली. वीस मिनिटांचं काम. त्यानंतर काही महिन्यांनी त्या म्हणाल्या, "तिथे जेवण अडकतं हो. दोरा घातला की नेमका तिथेच तुटतो."

दातांत फिरवायचा दोरा एकाच जागी पुन्हापुन्हा फाटत असेल तर तिथे भरलेल्या मसाल्याची कड दाताबाहेर आली असणार, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचतं. मला सुचलं नाही, कारण मसाला माझा होता. मी म्हणाले, "ताई, दोरा नीट घालत नसाल. दातांच्या दवाखान्यात काम करता आणि तुमचीच हिरडी सुजलेली?" समोर दोन पेशंट बसले होते. एकजण हसला. ताईही हसल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात, आणि बोंब मारणारीला तेव्हा आपला आवाजही गोड वाटतो.

दीड वर्षापूर्वी हिरडीतून रक्त येऊ लागलं तेव्हा त्यांचा बाइटविंग काढायचं ठरलं. स्वतःचा फोटो स्वतः काढता येत नाही, म्हणून यंत्र मी धरलं. किती वर्षांनी कोण जाणे. तोंडात पट्टी असल्यामुळे ताईंना बोलता येईना, तर त्या हातवारे करून मला शिकवू लागल्या: जरा पुढे, अजून, उजवीकडे, नाही नाही. मी चिडले, "आता तुम्ही गप्प बसा!" त्या गप्पच होत्या. फोटो मात्र छान आला.

त्या हात धुवायला गेल्या आणि मी एकटीने तो पाहिला.

भरलेला भाग पांढराशुभ्र दिसत होता. दाताची बाजू जिथे सरळ खाली उतरायला हवी, तिथे त्या पांढऱ्याला हिरडीकडे एक टोक फुटलं होतं, नखाच्या कडेएवढं, शेजारच्या दाताच्या दिशेने बाहेर आलेलं. आणि त्या टोकाच्या बरोबर खाली, मसाला संपतो आणि दात सुरू होतो तिथे, एक छोटा काळा डाग. बर्नआउट कडेला विरत जातो. हा विरत नव्हता. त्याला काठ होता.

ताई पदराला हात पुसत आल्या. "काय दिसतंय?"

"काही नाही. बर्नआउट आहे. हिरडी जपा." एवढं बोलायला मला दोन सेकंदही लागले नाहीत. मी स्क्रीनवरचा फोटो बंद केला.

त्यांनी तो फोटो उघडून पाहिला नाही. नंतर कधी तरी म्हणाल्या होत्या, "तुम्ही बघितलात ना, मग मी कशाला बघू?" ज्या बाईने परक्यांच्या हजारो दाढा निरखून पाहिल्या, तिने स्वतःची दाढ माझ्या शब्दावर सोडून दिली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी लहानपणी चेष्टेत वापरायचे. त्या दीड वर्षात ती आठवली की मी दुसऱ्या कामाला लागायचे. त्यांना वाईट वाटेल, त्यांचा विश्वास उडेल, आत्ता दुखत तर नाहीये, पुढच्या तपासणीत बघू: मनाशी बहाणे करायला काही खर्च येत नाही. खरं एवढंच होतं की मला लाज वाटत होती, आणि ती लाज झाकलेली राहावी म्हणून त्यांचा दात किडत होता.

एकदा त्यांची मुलगी दवाखान्यात आली तेव्हा सहज बोलून गेली, "आई हल्ली डाव्याच बाजूने जेवते. सगळ्यांचं उरकलं तरी तिचं ताट संपत नाही." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरीही बोलले नाही.

गेल्या मंगळवारी ताई गाल धरून आल्या. गार पाणी झोंबत होतं. मी पुन्हा यंत्र धरलं, फोटो स्क्रीनवर आला, आणि त्या खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जुना लावा शेजारी," त्या म्हणाल्या.

प्रत्येक पेशंटच्या बाबतीत त्या हेच म्हणतात. जुन्याशेजारी नवा ठेवला की काय वाढलं ते कळतं. मी लावला. काळा डाग आता मसाल्याखाली शिरून दाताच्या नसेच्या जवळ पोहोचला होता. दोन दातांमधलं हाड टोकाखाली खचलं होतं. पांढरं टोक मात्र दोन्ही फोटोंत जसंच्या तसं.

ताईंनी आधी नवा पाहिला, मग बराच वेळ जुना.

"हे तेव्हाच होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं, ताई. कड मी बाहेर ठेवली. खाली कीड होती, ती पाहिली आणि तुमच्याशी खोटं बोलले. वर तुम्हालाच बोल लावला. माझ्यावर ओरडा तरी."

त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि बोटांवर महिने मोजू लागल्या. मला वाटलं दुखणं किती दिवसांचं ते मोजताहेत.

"माझी दाढ भरली तेव्हा वेज संपल्या होत्या," त्या म्हणाल्या.

वेज म्हणजे लाकडाची बारीक पाचर. दात भरताना भोवती पत्र्याची पट्टी गुंडाळतात आणि ती खालून दाताला घट्ट चिकटावी म्हणून फटीत पाचर मारतात. पाचर नसली की पट्टी खालून सैल राहते आणि मसाला तिथून बाहेर सरकतो. सहा आठवडे माल आला नव्हता. ताईंनी विचारलं होतं, पाचर लागणारे पेशंट पुढे ढकलू का? मी म्हणाले होते, हात बसलाय माझा, चालेल. भरल्यावर फोटो काढू का, हेही विचारलं होतं. त्यालाही मी नको म्हणाले होते.

"त्या सहा आठवड्यांत मी एकटीच नव्हते," ताई म्हणाल्या आणि संगणकाकडे वळल्या. एक हात दुखऱ्या गालावर, दुसऱ्या हाताने तारखा शोधत होत्या. तासाभराने त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. दोन दातांमध्ये मसाला भरलेले एकवीस जण. त्यात ताईंचं स्वतःचं नाव नव्हतं.

"आधी तुमची दाढ," मी म्हणाले. "आज उघडू. नस वाचते का बघू."

"माझ्या दाढेचं मला आता माहीत आहे. यांना माहीत नाही. आधी फोन."

मी पहिला नंबर फिरवला. पलीकडे एक आजोबा होते, कानाला जरा जड. "नमस्कार आजोबा, दवाखान्यातून बोलतेय. नेहमीची तपासणी करायची होती तुमची, जमेल तेव्हा—"

ताईंनी हात पुढे केला आणि फोन तोडला.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं की कशाचं, विचारायचा हक्क मी घालवला होता. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

मी तोच नंबर पुन्हा फिरवला. "आजोबा, मघाशी मी नीट बोलले नाही. साडेचार वर्षांपूर्वी तुमची दाढ भरली होती, त्यात माझ्याकडून चूक झालेली असू शकते. तुम्हाला काही सांगायचं होतं तेव्हा मी ऐकलं नसेल. या, मी फोटो काढून तुमच्यासमोर बघते."

"काय म्हणालात?" आजोबांनी विचारलं. "मोठ्याने बोला."

बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते. दार उघडं होतं. मी मोठ्याने पुन्हा सांगितलं.