हमखास येणारे प्रश्न

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी दूरशिक्षणातून बी.ए. करत होतो. कचेरीत शिपाई होतो. पदवी हातात पडली की लिपिकाच्या बढतीच्या यादीत नाव लागणार होतं आणि यादी यंदाच निघायची होती. अर्थशास्त्राचा एकच पेपर उरला होता. अभ्यासकेंद्रावरचे तास रविवारी, आणि रविवारी मी गावी आंब्याच्या कलमांच्या कामाला. त्यामुळे सर काळे की गोरे हेही मला ठाऊक नव्हतं. माझे गुरू म्हणजे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या पाच वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका.

अभ्यासक्रम बदललेला नाही याची खात्री करून मी ऐटीत तक्ता केला. आडवी वर्षं, उभी प्रकरणं, प्रश्न आला की लाल खूण. बेरोजगारी चार वेळा, दारिद्र्य तीन वेळा. गृहपाठाचे प्रश्नही त्यातलेच निघाले. पुस्तक उघडं ठेवून, चहा पीत पीत, आठ दिवसांत मी एकेक उत्तर चार-चार पानं सजवलं. वीसपैकी अठरा गुण! मग काय, मी स्वतःला प्राध्यापकच समजू लागलो.

गृहपाठ जमा करायला आलेली, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकणारी एक ताई केंद्रावर भेटली होती. विषय तोच, रविवार तिच्या धंद्याचा, म्हणून तासाला तीही नाही. मी मोठ्या मनानं तिला तक्त्याची झेरॉक्स दिली. चार दिवसांनी तिनं फोनवर विचारलं, "भाऊ, घड्याळ लावून आख्खा पेपर लिवून बघितलात काय कधी?"

"लिहायचं काय त्यात? मला सगळं येतं," मी म्हणालो.

परीक्षेत पाचही प्रश्न माझ्या तक्त्यातले आले. मी पर्यवेक्षकाकडे बघून हसलोसुद्धा. पहिलं उत्तर गृहपाठासारखं चार पानं, अधोरेखनासकट. दुसरंही तसंच. एरवी टपालवहीपलीकडे फारसं न लिहिणारा हात तिसऱ्या उत्तराला आखडला. शेवटची घंटा झाली तेव्हा दोन प्रश्न कोरे होते, दोन्ही तोंडपाठ.

लेखी परीक्षेत ऐंशीपैकी एकोणतीस. उत्तीर्ण व्हायला बत्तीस लागतात आणि गृहपाठाचे अठरा तिथे उसने मिळत नाहीत. ताईला चोपन्न मिळाले. मासळी संपली की लिलावाच्या शेडमध्ये बसून, मोबाइलवर तीन तासांचा गजर लावून तिनं पाचही जुने पेपर पुरते लिहून काढले होते.

"तुमच्या तक्त्यामुळंच पास झालंय हो भाऊ," ती अगदी मनापासून म्हणाली. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात बढतीची यादी निघाली. माझ्यानंतर नोकरीला लागलेल्या सहकाऱ्याचं नाव तीत पहिलं होतं. यादी फलकावर चिकटवायचं काम अर्थातच शिपायाचं. मी चारही कोपऱ्यांना खळ लावली आणि कागद सरळ बसलाय ना, हे दोन पावलं मागं जाऊन पाहिलं.