चार अर्ध्या ओव्या

माझी आई सोलापुरात लोकांची दळणं दळायची. शेजारीण समोर बसायची, खुंट्याला दोघींचे हात, आणि पहाटेपासून ओव्या चालायच्या. त्या दळणांवर मी बी.ए. झालो. घराण्यात पहिलाच. आणि झाल्याबरोबर मला ओव्यांची लाज वाटू लागली, हेही इथंच सांगून टाकतो.

आमच्या शाळेच्या शिपायाला सगळे हवालदार म्हणत. ते हवालदार कधीच नव्हते; मोठ्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, साधे शिपाईच होते. कुणी लढाईचं विचारलं की टोपी सारखी करत आणि म्हणत, "लई ऊन हुतं बगा." झाली लढाईची गोष्ट! पोरं नाराज व्हायची. तोफ नाही, तलवार नाही, नुसतं ऊन.

मी तेव्हा तिथं मास्तर होतो आणि शाळेचं त्रैमासिक बघायचो. एक दिवस त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यापुढं ठेवला. तेरा ओव्या होत्या. "करकंबला माझ्या लढाईतल्या जोडीदाराची म्हातारी आई हाय," ते म्हणाले. "छापून आलं म्हंजे वाचून दाखवीन म्हन्तो."

लढाईवरून आलेल्या माणसाची कविता म्हणून मी उत्साहानं कागद उघडला. पहिलीच ओवी अशी:

*आभाळानं दगड टाकला, आमी त्याचं जातं केलं,*
*मूठभर जवाचं पीठ आई तुझ्या नावं झालं.*

आभाळातून दगड! मी हसलो. पुढंही सगळं घरचंच होतं: चूल, कालवण, बांधावरची बोर. त्यात शेवटच्या चार ओव्या अर्ध्याच. पहिली ओळ, खाली कोरी जागा. गड्याला यमक जुळलं नसेल असं मी धरलं आणि त्यांना न विचारता दुसऱ्या ओळी स्वतः लिहिल्या. "गावाकडं जोंधळा कणसांनी वाकला" याच्या खाली मी लिहिलं, "शत्रूचा काळ होऊन वीर मराठा ठाकला." शेवटी विजयाचा झेंडाही लावला. अंक निघाल्यावर हेडमास्तरांनी पाठ थोपटली.

हवालदार अंक धोतराच्या सोग्यात बांधून करकंबला गेले. परत आले ते सरळ माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. पोरांना मैदानात सोडून मी बाहेर आलो.

"मास्तर, आमी जिंकलो कवा?" त्यांनी विचारलं. "आमी तर बंदुका खाली ठिवल्या."

मग त्यांनी ओसरीच्या पायरीवर बसून सांगितलं. तिकडं परमुलखात नदीच्या वळणावर तुर्कांनी त्यांच्या पलटणीला कोंडलं होतं. अन्न संपत आलं. जव होते, पण दळायला काही नव्हतं, म्हणून इंग्रज सरकारनं विमानातून जात्याचे दगड खाली टाकले. हवालदार आणि करकंबचा जोडीदार समोरासमोर बसून दळायचे. पहिली ओळ हवालदारांनी म्हणायची, दुसरी त्यानं पुरी करायची; त्याच्या आईच्या ओव्या त्याला पाठ होत्या. उपासानं तो रोज वाळत गेला. नऊ ओव्या झाल्या आणि त्याचा हात खुंट्यावरून सुटला. पुढच्या चार वेळा हवालदारांनी एकट्यानंच दळलं आणि आपली पहिली ओळ तेवढी म्हटली.

दोन बायका जात्यावर कशा म्हणतात हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. एक ओढते, दुसरी पुरी करते. कोरी जागा म्हणजे समोर कुणी नाही, हे माझ्या अडाणी आईनं कागद न बघता सांगितलं असतं.

"म्हातारीला मी धा वर्षं सांगतोय, त्यो गेला म्हनून," हवालदार म्हणाले. "आता ती म्हन्ती, तेराच्या तेरा पुऱ्या हायत की, म्हंजे शेवटपतूर हुता माझा ल्योक. कैदेत न्हेला आसंल. ईल." टोपी सारखी करत म्हणाले, "छापल्यालं खोटं कसं आसंल, म्हन्ती. म्या काय सांगू तिला?"

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. "तुमी शिकल्याली मान्सं," एवढंच म्हणाले आणि तासाची घंटा द्यायला गेले.

माझ्या ओळी काढून कविता पुन्हा छापायचं मी ठरवलं, पण पुढचा अंक निघायला तीन महिने होते. तेवढ्यात तापानं हवालदार गेले. अंक घेऊन मी एकटाच करकंबला गेलो.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. माझी ओळख सांगितली, चूकही सांगितली. ती म्हणाली, "वाच." कवितेच्या वर मी चार वाक्यं छापली होती: वेढा, विमानातून पडलेले दगड, दोघं जोडीदार, कुणाची कुठली ओळ. ती वाचून मग ओव्या वाचू लागलो. लेकाच्या ओळींना तिचे ओठ हलत होते. दहाव्या ओवीची पहिली ओळ झाली आणि मी थांबलो. ती दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिली.

"हितं गेला व्हय," ती म्हणाली.

मग तिनं उरलेल्या तीन ओळी वाचायला लावल्या आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. पुन्हा तिनं कैदेचं नाव काढलं नाही. लेकाचं श्राद्ध त्या साली पहिल्यांदा घातलं, असं नंतर कळलं.

ती कविता आता आहे तशी छापलेली आहे: नऊ ओव्या पुऱ्या, चार अर्ध्या. एवढं माझ्या हातून झालं.